नाव शुल्काचं, स्वभाव कराचा

कोलकात्याच्या लिबर्टी सिनेमा या चित्रपटगृहाला महापालिकेच्या परवान्यासाठी वर्षाला 400 रुपये पडत. 1958 मध्ये महापालिकेने ठराव करून आकारणी आसनसंख्येवर आणि खेळांवर नेली आणि तीच रक्कम 6,000 रुपये झाली. मालकांचा आक्षेप सरळ होता. कायद्यात ‘फी’ म्हटलंय, फी घ्यायची तर बदल्यात सेवा हवी, आणि निरीक्षकाच्या फेरीला एवढा खर्च येत नाही. उच्च न्यायालयाला हे पटलं.

सर्वोच्च न्यायालयालाही यातलं अर्धं पटलं. निरीक्षक येतो तो परवान्याच्या अटी पाळल्या जातात का, हे पाहायला. ती मालकाला दिलेली सेवा नव्हे. पण मग सेवा नाही म्हणून ही फीच नाही, हा कर आहे. आणि महापालिका कायद्याने तो बसवता येतो, असा निकाल 1964 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी लागला. 6,000 रुपये कायम राहिले.

‘पैसे घेता, मग सेवा कुठे?’ हा प्रश्न लोक हक्काने विचारतात, पण न्यायालयात तो प्रत्येक आकारणीला लागू पडत नाही. संविधानाच्या कलम 265 नुसार कराला कायद्याचा आधार लागतो, मोबदल्याची अट नाही. त्यामुळे आधी तपासायचं ते हे, की त्या संस्थेला तो कर बसवण्याचा अधिकार कायद्याने दिलाय का. दिला नसेल, तर आकारणी शुल्क म्हणूनच टिकली पाहिजे, आणि तिथे खर्चाचा हिशेब मागता येतो.

हिशेब किती काटेकोर हवा? बाजार समितीच्या शुल्काच्या खटल्यात 1979 मध्ये न्यायालय बरंच कडक होतं: जमा रकमेचा मोठा भाग, साधारण दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांश, शुल्क भरणाऱ्यांच्या सेवेवर खर्च झालेला दिसावा. 1983 मध्ये ती पकड सैल झाली. रुपयाला रुपया जुळण्याची गरज नाही, ढोबळ संबंध पुरे. समजा, 2,000 परवाने आहेत आणि तपासणी, कर्मचारी, नोंदी मिळून वर्षाचा खर्च 40 लाख रुपये. म्हणजे परवान्यामागे 2,000 रुपये. शुल्क 2,300 ठेवलं तर ओरड टिकणार नाही. 12,000 ठेवलं तर उरलेले दोन कोटी कुठे जातात, याचं उत्तर द्यावंच लागेल. निव्वळ नियंत्रणासाठीच्या परवाना शुल्कात तर सेवा दाखवायचीही गरज नसते, रक्कम अवाजवी नसली म्हणजे झालं.

पाण्याच्या बाबतीत हा घोळ घरोघरी होतो. उत्तर प्रदेशच्या 1975 च्या कायद्यातला ‘जल कर’ पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या मिळकतीवर बसू शकतो का, या वादात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हो’ म्हटलं, कारण नाव पाण्याचं असलं तरी तो जमीन आणि इमारतींवरचा कर आहे. मीटरवर मोजून येणारं बिल मात्र वापराचं असतं. म्हणून बिल हाती आलं, की आकारणीचा आधार पाहावा: मिळकतीचं मूल्य, की वापरलेले लिटर?