16.4 मिलिव्होल्ट आणि 4.9 अंश: वीडेमान-फ्रान्झ नियमाची पार्श्वभूमी

सोलापुरात जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे पारा 12 अंशांवर असतो आणि मे महिन्यात दुपारी 45 वर. या 33 अंशांत तांब्याच्या तारेचा विद्युतरोध जवळजवळ 13 टक्क्यांनी वाढतो. लूमच्या मोटरची वाइंडिंग असो की घरातली वायर, त्यातून कुणाची सुटका नाही. पण त्याच तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता एक टक्कासुद्धा बदलत नाही. वीज अडते, उष्णता अडत नाही, असे दिसते.

मग "धातूंमध्ये उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचे गुणोत्तर तापमान बदलले तरी स्थिर राहते" हे वाक्य खरे कसे? जसेच्या तसे ते खरे नाहीच. गुणोत्तर वाढते, आणि जवळजवळ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. 12 अंश म्हणजे 285 केल्विन, 45 अंश म्हणजे 318 केल्विन, म्हणजे वाढ सुमारे 12 टक्के. स्थिर राहते ते या गुणोत्तराला केल्विनमधल्या तापमानाने भागून येणारी संख्या. तिला लोरेन्झ संख्या म्हणतात. परीक्षेत या ठिकाणी हटकून गोंधळ होतो, आणि त्याचे मूळ इतिहासात आहे, कारण वीडेमान-फ्रान्झ नियमाचे हे दोन तुकडे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी शोधले.

पहिला तुकडा 1853 चा. गुस्टाव वीडेमान आणि रुडोल्फ फ्रान्झ या जर्मन संशोधकांनी वेगवेगळ्या धातूंच्या दांड्या एका टोकाला तापवल्या आणि दांडीवर थर्मोकपल टेकवून तापमान कसे उतरत जाते ते मोजले. चांदीची वाहकता 100 धरून बाकीच्या धातूंचे आकडे मांडले, तेव्हा उष्णतेची क्रमवारी आणि विजेची क्रमवारी जवळजवळ एकच निघाली. जो धातू विजेला चांगला तो उष्णतेलाही चांगला, आणि तोही साधारण त्याच पटीत. पण हे सारे एकाच तापमानाला. तापमान बदलले तर काय होते, हे त्यातून कळत नव्हते.

दुसरा तुकडा डेन्मार्कच्या लुडविग लोरेन्झचा. हे गुणोत्तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढले पाहिजे, असे त्याने 1872 मध्ये मांडले आणि 1881 मध्ये 0 आणि 100 अंशांवर मोजून दाखवले. इलेक्ट्रॉन सापडायला अजून सोळा वर्षे होती. म्हणजे नियम हाती होता, कारण नव्हते.

आकड्यांना पक्केपणा आला तो 1900 च्या सुमारास, बर्लिनमध्ये. फ्रीडरिख कोलराउशने मोजणीची एक युक्ती दिली आणि येगर व डिसेलहोर्स्ट यांनी ती अनेक धातूंवर चालवली. ही युक्ती आपल्याकडच्या अभ्यासक्रमात फारशी दिसत नाही. आपण उष्णतावाहकता सर्लच्या उपकरणाने काढतो, रोध दुसऱ्याच तारेचा मोजतो आणि दोन्ही आकडे एकत्र आणतो. त्यात घोटाळा असा, की दांडीचे तांबे आणि तारेचे तांबे एक नसते. विजेच्या तारेचे तांबे बरेच शुद्ध असते. जोडकामाच्या नळीदांडीच्या तांब्यात थोडे फॉस्फरस असू शकते, आणि तेवढ्याने दोन्ही वाहकता चांगल्याच खाली येतात. दोन्ही एकत्र खाली येतात हाच तर नियम. पण एक आकडा इथला आणि दुसरा तिथला घेतला, की नियम मोडल्यासारखा दिसतो.

कोलराउशच्या पद्धतीत हा प्रश्नच येत नाही. धातूच्या एकाच तुकड्यातून वीजप्रवाह सोडायचा. त्या प्रवाहानेच तुकडा तापतो. दोन्ही टोके एकाच तापमानाला धरून ठेवायची आणि बाजूंनी उष्णता जाऊ द्यायची नाही. मग आत तयार झालेली उष्णता फक्त टोकांकडे वाहते आणि मधला बिंदू सर्वांत गरम होतो. टोकांमधला विद्युतदाब V आणि मध्य व टोक यांच्या तापमानातला फरक ΔT एवढे दोनच आकडे मोजले, की

उष्णतावाहकता ÷ विद्युतवाहकता = V² ÷ (8 × ΔT)

तुकड्याची लांबी नको, जाडी नको, प्रवाह किती तेही नको. लांबी वाढवली तर रोध वाढतो आणि उष्णतेची वाटही तितकीच लांबते, त्यामुळे भूमिती दोन्हीकडून कटून जाते. मला तरी या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

एक नमुना करून पाहू. 2 मिलिमीटर व्यासाची, 10 सेंटिमीटर लांबीची तांब्याची तार घ्या. तिची टोके तांब्याच्या जाड ठोकळ्यांत पक्की झाळून टाका आणि ठोकळ्यांतून 27 अंशांचे पाणी फिरवा. मध्यावर बारीक थर्मोकपल लावा, पण विजेच्या दृष्टीने तारेपासून वेगळे ठेवून, नाहीतर तारेतला दाब त्याच्या वाचनात मिसळतो. दाब मोजणाऱ्या तारा ठोकळ्यावर नव्हे, तारेच्या अगदी टोकांना जोडा, म्हणजे सांध्यावरचा दाब हिशेबात येणार नाही. 30 अँपिअर सोडले, की सुमारे 16.4 मिलिव्होल्ट दिसतात आणि मध्य टोकांपेक्षा 4.9 अंशांनी गरम होतो. सूत्रात घातले तर गुणोत्तर 6.86 × 10⁻⁶ येते. तारेचे सरासरी तापमान 303 केल्विन. भागाकार 2.26 × 10⁻⁸. एकक वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग. तांब्यासाठी 0 अंशाला 2.23 आणि 100 अंशांना 2.33 हे मान्य आकडे आहेत, त्यांच्या दरम्यान हे नीट बसते.

आता तोच प्रयोग ठोकळ्यात 37 अंशांचे पाणी फिरवून करा आणि प्रवाह असा ठेवा की दाब पुन्हा 16.4 मिलिव्होल्टच येईल. मध्य आता 4.7 अंशांनीच गरम होतो. दहा अंशांत गुणोत्तर वाढले ते इथे डोळ्यांना दिसते.

बिघडते कुठे, तर बाजूंनी. वर 4.9 म्हटले ते बाजूंनी काहीच न गळता. उघड्या तारेवरून हवेत एवढी उष्णता जाते, की खोली टोकांइतक्याच तापमानाला असली तरी 4.9 च्या जागी 4.6 च्या आसपास वाचन येते. सोलापुरात मे महिन्यात मात्र उलटा त्रास होतो. पाणी 27 चे, खोली 40 ची. आता तार हवेला उष्णता देत नाही, हवेकडून घेते. मध्य साधारण 5.4 अंशांनी वर जातो आणि लोरेन्झ संख्या 2.05 च्या आसपास येते. आकडा वाईट नाही, म्हणूनच फसवतो. ओळखायचे असे: प्रवाह पूर्ण बंद करून दहा मिनिटांनी मध्याचे वाचन घ्या. ते टोकांपेक्षा पाऊण अंश वर असेल, तर तेवढी उष्णता खोलीची आहे. ते वजा करा आणि तार काचलोकरीत गुंडाळा. त्याहून सोपा उपाय म्हणजे ठोकळ्यातले पाणी खोलीच्याच तापमानाचे ठेवणे. प्रत्येक वाचन प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा घ्या आणि सरासरी काढा. सांध्यांवरचा औष्णिक दाब त्याशिवाय जात नाही.

बर्लिनमध्ये ही मोजमापे होत होती, त्याच 1900 मध्ये पॉल ड्रूडने कारण दिले. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंसारखे धावतात, आणि वीज व उष्णता दोन्ही तेच वाहतात. इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये किती वेळ मोकळा धावतो, यावर दोन्ही वाहकता सारख्याच अवलंबून असतात. गुणोत्तर काढताना तो वेळ कटून जातो. धातू कोणता, त्यात भेसळ किती, अणूंची जाळी किती थरथरते, हे सगळे त्या वेळातच दडलेले असते, म्हणून तेही जाते. उरते ते एवढेच: प्रत्येक इलेक्ट्रॉन विद्युतभार नेतो तो ठरलेला, आणि उष्णता नेतो ती तापमानाप्रमाणे. म्हणून गुणोत्तरात तापमान येते.

सुरुवातीचे कोडेही यानेच सुटते. नेहमीच्या तापमानाला तो मोकळा वेळ तापमानाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. वीज तेवढीच घटते. उष्णतेच्या बाबतीत प्रत्येक इलेक्ट्रॉन जास्त ओझे घेऊन पण कमी अंतर धावतो, आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो.

ड्रूडने संख्याही काढली, 2.2 × 10⁻⁸. प्रयोगाशी इतकी जुळणारी, की लोकांना उपपत्ती पटली. पण ती संख्या तीन चुकांमधून आली होती. त्याने इलेक्ट्रॉनची उष्णताधारणा वायूच्या रेणूइतकी धरली. तांब्यात सामान्य तापमानाला ती खरोखर त्याच्या सुमारे 80 पटींनी कमी असते. इलेक्ट्रॉनचा वेग त्याने सेकंदाला सुमारे 117 किलोमीटर धरला. खरा वेग सुमारे 1,570 किलोमीटर, आणि सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे तिथे सुमारे 180 पटींची तूट. एक चूक वर नेणारी, दुसरी खाली. दोन्ही मिळून उत्तर खऱ्याच्या निम्म्याहून थोडे कमी, 1.1, यायला हवे होते. तिथे तिसरी चूक कामी आली: विद्युतवाहकतेच्या सूत्रात दोनचा भागाकार जास्त पडला आणि उत्तर दुप्पट झाले. 1905 मध्ये हेंड्रिक लोरेंट्झने तेच गणित जास्त काटेकोरपणे केले, तर उत्तर 1.5 आले, म्हणजे प्रयोगापासून लांब. (हा डच लोरेंट्झ. संख्येला नाव आहे ते डॅनिश लोरेन्झचे. पुस्तकांत दोघे सर्रास एक होतात.)

पुढे आर्नोल्ड झोमरफेल्टने 1927-28 मध्ये इलेक्ट्रॉनांना फर्मी-डिरॅक सांख्यिकी लावली. एका पातळीवर गर्दी करायला मनाई असल्याने फक्त सर्वांत वरचे थोडे इलेक्ट्रॉन उष्णता घेऊ शकतात, पण ते धावतात फार वेगाने. आता कोणतीही चूक न करता 2.44 × 10⁻⁸ आले, आणि त्यात बोल्ट्झमन स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा भार आणि π²/3 यांशिवाय काही नाही.

तरी तांबे 2.44 वर नसून 2.26 वर का? कारण वेळ कटून जातो तो धडकेत इलेक्ट्रॉनची ऊर्जा टिकून राहिली तर. जाळीच्या थरथरीला धडकताना इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा देतो-घेतो, त्यामुळे उष्णतेचे नुकसान विजेपेक्षा किंचित जास्त होते. तापमान उतरले की हे ठळक होते. 30 केल्विनच्या आसपास शुद्ध तांब्यात इलेक्ट्रॉनची दिशा फारशी वळत नाही, म्हणून वीज सुरळीत जाते, पण जादाची ऊर्जा मात्र धडकेत निघून जाते. लोरेन्झ संख्या तिथे निम्म्याहूनही खाली येते. आणखी खाली, द्रव हेलियमच्या 4 केल्विनला, थरथर जवळजवळ संपते, धडका उरतात त्या भेसळीच्या अणूंशी. त्यांत ऊर्जा जात नाही, आणि आकडा पुन्हा 2.44 ला येऊन टेकतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये गडबड उलट्या बाजूने होते. त्याची उष्णतावाहकता सुमारे 15 वॅट प्रति मीटर-केल्विन आणि रोधकता 72 × 10⁻⁸ ओहम-मीटर, म्हणजे लोरेन्झ संख्या 3.6. इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला नियमाप्रमाणे 10 वॅटच येतात. उरलेले 5 जाळीची थरथर स्वतः वाहून नेते. तांब्यातही ती काही वॅट नेतेच, पण 400 मध्ये ते दिसत नाहीत.