फोटोंच्या आधी आम्ही क्रमांकांचा तक्ता का मागतो

स्वतःच्या ब्रँडचा माल ऑनलाइन विक्रीला लावायचा म्हणून आलेल्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, ‘फोटो कधी काढताय?’ आम्ही सांगतो, प्रत्येक वस्तूच्या बारकोड क्रमांकाचा तक्ता आणि छापून आलेला खोका हातात आला की. यावर काहीजण नाराज होतात. आम्ही मुद्दाम वेळ लावतो असं त्यांना वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

लिस्टिंग अडते ती फोटोंमुळे किंवा मजकुरामुळे क्वचितच. फोटो दोन दिवसांत बदलता येतो, वर्णन तर तासाभरात. पण खोक्यावर छापलेला बारकोड चुकला, तर गोदामातला सगळा माल पुन्हा हाताखालून घालावा लागतो.

एका ग्राहकाचं उदाहरण घ्या. त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्या होत्या: निळी, राखाडी, हिरवी. प्रत्येक रंग सुटाही विकायचा आणि त्याच रंगाच्या दोन बाटल्यांचा पॅकही. म्हणजे विकायच्या वस्तू सहा, म्हणून १३ अंकी क्रमांकही सहा हवेत. त्यांनी ‘बाटली एकच आहे’ म्हणून एकच क्रमांक घेतला आणि तोच सगळ्या खोक्यांवर छापला. गोदामात माल उतरवताना माणूस रंग बघत नाही, स्कॅनर मारतो. तिन्ही रंग एकाच वस्तूच्या नावावर जमा झाले. निळी मागवणाऱ्याला राखाडी गेली, दोनचा पॅक मागवणाऱ्याला एकच बाटली मिळाली. परतीचा माल आणि नाराज अभिप्राय पहिल्याच आठवड्यात आले. मग प्रत्येक खोक्यावर नवं स्टिकर लावावं लागलं, तेही जुना बारकोड पूर्ण झाकला जाईल असं. जुन्या रेघा उघड्या राहिल्या की स्कॅनर कधी नवा क्रमांक वाचतो, कधी जुना. सगळा माल दुरुस्त झाला, अभिप्राय मात्र लिस्टिंगवर तसेच राहिले.

हिशोब सोपा आहे: गिऱ्हाईक जी वस्तू वेगळी निवडून मागवू शकतं, तिला वेगळा क्रमांक. रंग, साइज, वजन, पॅकमधली संख्या यातलं काहीही बदललं की नवा. खोक्याची नुसती सजावट बदलली तर जुनाच चालतो.

क्रमांक कुठून घेतला हेही आम्ही विचारतो. जीएस१ ही संस्था हे क्रमांक कंपनीच्या नावावर देते. बाहेर कुणी स्वस्तात विकत असेल, तर तो क्रमांक बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतो. अ‍ॅमेझॉन क्रमांक जीएस१च्या नोंदींशी ताडून बघतं आणि नाव जुळलं नाही तर लिस्टिंग अडू शकतं. जीएस१च्या साइटवर Verified by GS1 मध्ये क्रमांक टाकून नाव तुम्हालाही बघता येतं. छपाईला देण्याआधी दोन मिनिटं काढून एवढं करा. स्वतःच्या ब्रँडला क्रमांकातून सूट मागता येते हे खरं. पण उद्या माल बारकोड वाचणाऱ्या दुकानात ठेवायचा झाला की क्रमांक घ्यावाच लागतो. म्हणून आम्ही सुरुवातीलाच घ्यायला सांगतो.

तक्ता पाठवताना एक गोष्ट सांभाळा. एक्सेलमध्ये 9521234567899 असा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की तो 9.52123E+12 असा दिसू लागतो. तीच फाइल CSV म्हणून जतन केली की शेवटचे अंक गेले ते गेलेच. १२ अंकी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळतं. क्रमांक टाकण्याआधी रकान्याचा प्रकार Text करा. असे बिघडलेले तक्ते आमच्याकडे वारंवार येतात आणि एकेक अंक पुन्हा मागवण्यात दिवस जातो.

आता फोटोंचं. नमुन्याच्या कोऱ्या खोक्यावर आम्ही फोटो काढत नाही, कारण वस्तूवर किंवा खोक्यावर छापलेलं ब्रँडचं नाव आणि लिस्टिंगमधलं नाव अक्षरशः एकच लागतं. मधली मोकळी जागा किंवा जोडरेघसुद्धा तीच. अ‍ॅमेझॉनवर ब्रँड मंजूर करताना छापील नाव दिसणारे खरे फोटो मागितले जातात, तिथे कोरा खोका चालत नाही. मुख्य फोटोला पूर्ण पांढरी पार्श्वभूमी हवी आणि वस्तूने साधारण ८५ टक्के चौकट भरलेली हवी. ते आम्ही बघून घेतो. प्रत्येक फोटोच्या फाइलला आम्ही त्या वस्तूचा क्रमांकच नाव म्हणून देतो, म्हणजे हिरव्या बाटलीखाली निळीचा फोटो चढत नाही. हेही तक्त्याशिवाय होत नाही.

मजकुरासाठी मोजून घेतलेली मापं, वजन, साहित्य आणि खोक्यात नक्की काय काय आहे एवढं द्या. बाकी लिहिण्याचं काम आमचं.

तक्ता कसा भरायचा कळत नसेल तर छपाईच्या आधी या. पहिल्या बैठकीत आम्ही तो तुमच्याबरोबर बसून भरतो आणि खोक्याचं डिझाइन बारकोडसकट तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. भरलेला तक्ता आणि छापील खोका एकत्र आला, तर त्याच दिवशी माल फोटोला घेतो.