बॅकवेजेस आणि १७-ब चा पगार: दुसरीकडची कमाई कुठे वजा होते आणि कुठे नाही

बडतर्फी बेकायदा ठरून कामगार न्यायालयाने कामावर परत घेण्याचा निवाडा दिला, की मधल्या काळाचा जो पगार देणे लागतो ते बॅकवेजेस. मालक त्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला, तर तिथले प्रकरण संपेपर्यंत शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळते, ती २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-ब ची. एक निवाड्याआधीच्या काळाचा, दुसरा नंतरच्या. इथवर कोणी चुकत नाही.

चुकतात ते दुसरीकडच्या कमाईवर. बॅकवेजेसमध्ये ती फक्त वजा होते. समजा, वीस हजार पगाराचा कामगार पाच वर्षांनी जिंकला. पूर्ण पगार बारा लाख. त्यातली दोन वर्षे त्याने नऊ हजारांवर वॉचमनचे काम केले, म्हणजे २,१६,००० रुपये. ते वजा जाऊन ९,८४,००० उरतात. तरीही ‘दुसरीकडे कामाला होता, आता काही मिळणार नाही’ असे सांगणारे जागोजागी भेटतात, आणि घाबरलेला कामगार कवडीमोल तडजोडीवर सही करतो. याचा मला मनस्वी संताप येतो.

१७-ब मध्ये अशी वजाबाकी कायद्यात सांगितलेलीच नाही. तिथे आपण कुठल्याही आस्थापनेत नोकरीला नाही, असे प्रतिज्ञापत्र लागते. नोकरी होती आणि पुरेसा मोबदला मिळत होता हे सिद्ध झाले, तर तेवढ्या काळाचा पगार पूर्ण थांबतो. म्हणून वाद होतो तो ‘पुरेसा’ म्हणजे किती यावर.

आणि इथेच घोळ होतो. ‘मी पूर्ण बेकार आहे’ हा १७-ब चा मजकूर बॅकवेजेसच्या शपथपत्रात जसाच्या तसा उतरवतात. तिथे त्याची गरजच नसते. दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की आपण नोकरीला नव्हतो किंवा कमी पगारावर होतो, एवढे कामगाराने न्यायालयासमोर सांगावे. मग तो आधीच्या पगाराइतके कमावत होता हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. ‘कमी पगारावर होतो’ हे उत्तर चालते, मग खोटे का लिहायचे? मालकाचा वकील पीएफचा उतारा मागवतो, वॉचमनच्या नोकरीची वर्गणी त्यात दिसते, आणि नऊ हजारांच्या लपवाछपवीपायी सगळ्या साक्षीवरचा विश्वास उडतो.

पोटासाठी केलेली प्रत्येक धडपड नोकरी ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. राजिंदरकुमार किंद्रा प्रकरणात (१९८४) बडतर्फ माणूस सासऱ्यांच्या कोळशाच्या वखारीवर मदत करून दिवस काढत होता. सर्वोच्च न्यायालयाने ती कमाईची नोकरी मानली नाही. शपथपत्रात मात्र असे कामही स्पष्ट लिहावे: कुठे, कधीपासून कधीपर्यंत आणि हातात किती पडले.