मसाला उदबत्ती की सेंटात बुडवलेली? पुडा घेताना फरक कसा ओळखायचा

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या पूजा साहित्याच्या दुकानात ‘रसायन नसलेली उदबत्ती द्या’ म्हटलं की तीन-चार पुडे समोर येतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर ‘नैसर्गिक’ किंवा ‘हर्बल’ असं छापलेलं असतं. या शब्दांवरून काहीच ठरत नाही. दुकानदाराला विचारायचं ते हे की वास पिठातच मळलेला आहे, की काडी तयार झाल्यावर तिला वरून पाजलेला आहे. पहिली मसाला उदबत्ती, दुसरी बुडवलेली. शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

बुडवलेल्या उदबत्तीची सुरुवात कच्च्या बत्तीपासून होते. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट, म्हणजे पाण्यात चिकट होणारी सालीची पूड, यांचं पीठ यंत्राने चढवतात. वाळलेल्या कच्च्या बत्तीला सुगंध नसतो. मग तिचे गठ्ठे सेंटात बुडवून निथळतात. नुसतं सेंट परवडत नाही आणि लवकर उडूनही जातं, म्हणून ते कितीतरी पट डीईपी किंवा व्हाईट ऑइल हे खनिज तेल घालून पातळ केलेलं असतं. डीईपी म्हणजे डायइथिल थॅलेट. ते स्वस्त असतं, हळू उडतं आणि वास धरून ठेवतं. काडीने जे शोषलं त्यातला मोठा भाग सुगंधाचा नसून या पातळ करणाऱ्या द्रवाचा असतो, आणि उदबत्ती पेटली की जळत्या टोकाच्या उष्णतेने तोही धुरात येतो.

मसाला उदबत्तीत वासाचे पदार्थ पिठातच असतात. चंदनाची पूड, नागरमोथा, वाळा, ऊद, गुग्गुळ, मध, काहींत हलमड्डी नावाचा झाडाचा डिंक. हे मळून काडीवर वळतात आणि हाताला चिकटू नये म्हणून वरून बारीक पूड लावतात. एक गैरसमज इथेच काढायला हवा. ‘चारकोल फ्री’ लिहिलं म्हणजे उदबत्ती मसाल्याची झाली, असं नाही. कोळशाशिवाय नुसत्या भुशाची काडी करून तीही सेंटात बुडवता येते. उलट चांगल्या मसाला बत्तीतही जळण नीट चालावं म्हणून थोडा कोळसा असू शकतो.

घरी तपासायचं तर दोन्ही पुड्यांतली एकेक काडी वेगवेगळ्या पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. बुडवलेल्या काडीचा तेलकट, पारदर्शक डाग पडतो आणि कागद उघडा ठेवला तरी तो दुसऱ्या दिवशी तसाच राहतो. मसाला काडीचा डाग पडला तर बहुधा फिकट असतो. मात्र चंदनासारखं जड तेल असलेल्या काडीचा डागही टिकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. काडी मोडून बघा. बुडवलेली आतून-बाहेरून एकसारखी काळी किंवा तपकिरी दिसते, हाताने वळलेली बहुधा ओबडधोबड असते आणि बाहेरची पूड बोटाला लागते. शेवटी वास. न पेटवताच पुड्यातून भपकारा येत असेल आणि पेटवल्यावर तोच अत्तरासारखा वास आणखी तीव्र होत असेल, तर ती बुडवलेली समजा. मसाल्याची काडी थंड असताना मंद वाटते आणि पेटल्यावर तिचा वास बदलतो, कारण डिंक आणि मुळ्या तापल्याशिवाय खुलत नाहीत. राखेच्या रंगावरून मात्र काही ओळखता येत नाही.

मसाला उदबत्ती घेतली म्हणजे धूर निरुपद्रवी झाला, असं मानणं चूक आहे. कुठलीही उदबत्ती धुमसत जळते, त्यामुळे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि फॉर्माल्डिहाइड थोडंफार निघतंच. अभ्यासांमध्ये एक ग्रॅम उदबत्तीमागे सुमारे 45 मिलिग्रॅम कण मोजले गेले आहेत, सिगारेटच्या ग्रॅममागे सुमारे 10. हिशेब करून पाहू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची देवघराची खोली म्हणजे सुमारे 28 घनमीटर हवा. दारं-खिडक्या बंद ठेवून एक ग्रॅम काडी पूर्ण जाळली, तर त्या हवेत घनमीटरमागे सुमारे 1,600 मायक्रोग्रॅम कण पसरतील. आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या पीएम 2.5 कणांची 24 तासांची मर्यादा 60 आहे. खोली पूर्ण बंद कधीच नसते आणि कणही हळूहळू खाली बसतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा कमी येईल. तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणं आणि अर्धी काडी मोडून लावणं, याचा फायदा ब्रँड बदलण्यापेक्षा जास्त होतो. घरात दमा असलेलं किंवा तान्हं मूल असेल, तर आरतीपुरती लावून विझवावी.

खऱ्या अर्थाने टाळायची ती मच्छर पळवणारी, स्वस्त, सुटी उदबत्ती. कीटकनाशक असलेल्या उत्पादनाला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो क्रमांक पुड्यावर छापलेला असतो. क्रमांक नसेल आणि डास मात्र खरोखर पडत असतील, तर आत काय आहे ते सांगायला कुणी बांधील नाही. अशी काडी देवापुढे लावू नये आणि झोपायच्या खोलीतही नको. भारतीय मानक ब्युरोने डिसेंबर 2025 मध्ये उदबत्तीसाठी आयएस 19412 हे स्वतंत्र मानक जाहीर केलं. त्यात अ‍ॅलेथ्रिन, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फिप्रोनिल या कीटकनाशकांना आणि काही कृत्रिम सुगंधी रसायनांना मनाई आहे. पुड्यावर हा क्रमांक आणि ब्युरोचं चिन्ह दिसलं, तर तो पुडा आधी निवडा.

उत्पादकांची तुलना करताना एक अडचण येते. एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले जातात. म्हैसूरची सायकल 1948 पासूनची, मंगलदीप आयटीसीची, झेड ब्लॅक इंदूरची. या तिघांचा माल कोल्हापुरात गल्लीतल्या दुकानातही मिळतो. दर्जा पुड्यागणिक सारखा ठेवणं आणि पत्ता, बॅच, वजन नीट छापणं ही मोठ्या कंपन्यांची जमेची बाजू. पण रोजचा स्वस्त पुडा मसाल्याचा असेल असं नावावरून धरू नका, ‘मसाला’ शब्द शोधा. श्रीनिवास सुगंधालयाची निळ्या-पांढऱ्या पुडीतली नागचंपा मसाला प्रकारातली आहे. तिच्या नकला खूप आहेत, तेव्हा पुडीवर उत्पादकाचं नाव वाचूनच घ्या. कानपूरची फूल ही कंपनी देवळातल्या निर्माल्यापासून उदबत्ती करते आणि कोळसा वापरत नाही असं सांगते. ती महाग पडते, पण निर्माल्य नदीत जाण्यापेक्षा हे बरं, असं आम्हाला वाटतं.

किंमत काड्यांवर नाही, ग्रॅमवर ताडून बघा. मसाला काडी जाड असते, 15 ग्रॅमच्या पुडीत साधारण बाराच बसतात, पण एकेक काडी पाऊण तासाच्या आसपास चालते. बारीक बुडवलेली काडी त्याआधीच संपते. पहिल्यांदा घेताना लहान पुडी घ्या, विशेषतः पावसाळ्यात. मध आणि हलमड्डी हवेतला ओलावा ओढतात, त्यामुळे जुलैतल्या कोल्हापुरात मसाला काडी मऊ पडते आणि अर्ध्यावर विझते. तो भेसळीचा पुरावा नव्हे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि ऊन पडलं की तासभर सावलीतल्या कोरड्या हवेत पसरा. थेट उन्हात ठेवलं तर वास उडून जातो.