नीलाजन्य व्रण आणि दाबपट्टी

नीलाजन्य व्रण : पायातील नीलांमधले (अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमधले) रक्त वर नीट न गेल्याने घोट्याजवळ, बहुधा आतल्या बाजूला, होणारी व महिनोन्महिने न भरणारी जखम. ती उथळ व वेड्यावाकड्या कडांची असते. भोवतालची त्वचा तपकिरी आणि कडक होते.

उभे असताना घोट्याच्या नीलांत पाऱ्याच्या सुमारे ९० मिमी इतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि हा दाब ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो फारसा उतरत नाही. मग केशवाहिन्यांतून पाणी व प्रथिने ऊतींत झिरपतात, सूज राहते, त्वचेचे पोषण बिघडते आणि साध्या खरचटण्याचाही व्रण होतो. हे कारण जागच्या जागी राहते, म्हणून नुसती मलमे बदलून तो भरत नाही. पसरणारी लाली, ताप अशी संसर्गाची लक्षणे नसतील तर प्रतिजैविकेही त्याला भरून आणत नाहीत.

दाबपट्टी बाहेरून नीला दाबते, सूज काढते आणि पोटरीच्या स्नायूंना टेकण्यासाठी घट्ट आधार देते. घोट्याशी सुमारे ४० मिमी दाब हवा आणि वर जाताना तो कमी व्हायला हवा. पट्टी सारख्याच ताणाने व सारख्याच थरांनी गुंडाळली तर हा उतार आपोआप साधतो, कारण घेर वाढतो तसा दाब घटतो. घोट्याचा घेर २० सेंमी व पोटरीचा ३५ सेंमी असेल, तर घोट्याशी ४० मिमी देणारी पट्टी पोटरीवर सुमारे २३ मिमीच देते. म्हणूनच पोटरीवर जास्त ओढून बांधणे घातक. रक्त खालीच अडकते. फार बारीक घोट्यावर उलट दाब जास्त होतो, म्हणून तिथे आधी कापसाची गादी घालतात. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, टाच झाकून बांधावी. टाच उघडी राहिली तर सूज तिथे जमते. सुरुवातीला सूज झपाट्याने उतरते आणि पट्टी सैल पडून घसरते, त्यामुळे पहिल्या दिवसांत ती लवकर बदलावी लागते.

बांधण्याआधी पायाच्या धमन्या तपासणे अपरिहार्य आहे. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर ०.८ पेक्षा कमी असेल, तर पूर्ण दाब तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देत नाहीत, ०.५ खाली तो वर्ज्य आहे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, चांगला दिसू शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. पट्टीखाली बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढली, तर ती लगेच सोडावी.

व्रण भरला तरी नादुरुस्त झडपा तशाच राहतात, म्हणून पुढे दाबाचे मोजे घालावे लागतात. वरवरच्या नीला फेसाळ औषध टोचून, लेझरने किंवा उष्णतेने लवकर बंद केल्यास व्रण लवकर भरतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत दिसले. त्या रुग्णांनाही दाबपट्टी चालूच होती.