ए२ दूध : मधुमेहाच्या गृहीतकापासून ‘पचायला हलके’ या दाव्यापर्यंत

२१ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने दुधाच्या आणि तुपाच्या वेष्टनांवरून ‘ए१’ व ‘ए२’ हे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश दिला आणि अवघ्या पाच दिवसांत, संबंधितांशी पुन्हा चर्चा करायची असल्याचे सांगून, तो मागेही घेतला. आदेश आला तेव्हा देशी गाईचे दूध ‘ए२’ म्हणून विकणाऱ्यांना तो अन्याय वाटला, तर तो मागे घेतला गेल्यावर काहींनी ए२ दूध श्रेष्ठ असल्याचे सरकारनेच मान्य केल्याचा अर्थ काढला. आदेश मागे घेताना प्राधिकरणाने दुधाच्या गुणांबद्दल काहीच म्हटले नव्हते, त्यामुळे या दुसऱ्या अर्थाला आधार नाही. ए२ दूध आरोग्याला अधिक चांगले, हा दावा आपल्याकडे गोठ्यातून आलेला नाही. तो न्यूझीलंडमधील वैद्यकीय संशोधनातून निघाला, आणि ‘पचायला सोपे’ हे तेव्हाचे म्हणणे नव्हतेच.

गाईच्या एक लिटर दुधात साधारण ३२ ते ३५ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांतील सुमारे ८० टक्के केसीन असते आणि बीटा-केसीन हा केसीनचाच एक मोठा घटक आहे. बीटा-केसीन म्हणजे २०९ अमिनो आम्लांची साखळी. ए१ आणि ए२ यांतला फरक या साखळीतल्या एकाच जागेचा आहे : ६७व्या जागी ए२ प्रकारात प्रोलिन असते, तर ए१ प्रकारात हिस्टिडिन. ए२ हा मूळ प्रकार असून युरोपातील गुरांमध्ये काही हजार वर्षांपूर्वी झालेल्या जनुकीय बदलातून ए१ आला, असे मानले जाते. प्रोलिन असेल तर पाचक विकरांना त्याच्या शेजारचा बंध सहसा तोडता येत नाही. हिस्टिडिन असेल तर तो तुटतो आणि सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होऊ शकतो. त्याचे नाव बीटा-कॅसोमॉर्फिन-७. १९७९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी केसीनपासून मिळणाऱ्या अशा तुकड्यांचा अफूसदृश गुण दाखवला होता, म्हणजे शरीरातील पेशींवर ज्या जागांना अफूसारखी द्रव्ये चिकटतात त्याच जागांना तेही चिकटू शकतात. आतड्याच्या हालचाली मंद करणे हा अफूचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला परिणाम असल्यामुळे पुढे पचनाच्या दाव्याला बळ मिळाले ते या गुणातून. मात्र हा तुकडा आतड्यात फार काळ टिकत नाही, तिथलीच विकरे त्याचेही तुकडे करतात. शिवाय काही प्रयोगशाळांत ए२ प्रकारातूनही तो अल्प प्रमाणात सुटताना आढळला आहे.

१९९०च्या दशकात ऑकलंडचे बालरोगतज्ज्ञ बॉब इलियट यांच्या लक्षात आले की न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या, पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांच्या वंशाच्या मुलांमध्ये टाइप-१ मधुमेहाचे प्रमाण सामोआत राहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. दोन्हीकडच्या आहारातला एक ठळक फरक दुधाचा होता. त्यांनी वेगवेगळ्या देशांतील ए१ केसीनचे सेवन आणि मुलांमधील मधुमेहाचे प्रमाण शेजारी ठेवून पाहिले आणि १९९९ मध्ये दोहोंत घट्ट संबंध असल्याचे मांडले. त्यानंतर संशोधक कोरान मॅकलाक्लन यांनी हेच तर्कशास्त्र हृदयविकाराला लावले. २००० मध्ये मॅकलाक्लन आणि उद्योजक हॉवर्ड पॅटरसन यांनी न्यूझीलंडमध्ये ‘ए२ कॉर्पोरेशन’ ही कंपनी काढली, जी आज ‘ए२ मिल्क कंपनी’ म्हणून ओळखली जाते. गाय कोणत्या प्रकारचे दूध देणार हे जनुकीय चाचणीने ठरवून तशाच गाईंचे दूध वेगळे गोळा करायचे आणि वेगळ्या भावाने विकायचे, हे या धंद्याचे सूत्र होते.

देशादेशांची तुलना करणाऱ्या अभ्यासाचे दुखणे जुनेच आहे. जिथे ए१ दूध जास्त प्यायले जाते ते देश थंड आहेत आणि श्रीमंतही आहेत, तिथे रोगांची नोंद नीट होते, आणि लोकांची वंशपरंपराही वेगळी आहे. यांतले नेमके काय कारणीभूत आहे, हे आलेख सांगत नाही. त्यामुळे पुढची पायरी प्रत्यक्ष प्रयोगांची होती आणि तिथे गृहीतक टिकले नाही. मधुमेहाची प्रवृत्ती असलेल्या उंदरांवर एकापेक्षा अधिक प्रयोगशाळांत केलेल्या प्रयोगाने, २००२ मध्ये, ए१ केसीनला दोषी ठरवले नाही. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत कोलेस्टेरॉलवर फरक दिसला नाही. २००५ मध्ये सिडनीचे आहारतज्ज्ञ स्ट्युअर्ट ट्रसवेल यांनी उपलब्ध पुरावा तपासून तो पटण्याजोगा नसल्याचा निष्कर्ष काढला. २००९ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही बीटा-कॅसोमॉर्फिन आणि या आजारांमध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले. त्याआधीच, २००४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ए२ दूध विकणाऱ्या एका कंपनीला आरोग्याविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल दंड झाला होता.

मधुमेह आणि हृदयविकार जाहिरातीतून गेले आणि त्यांच्या जागी पोट आले. हे स्थलांतर मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो, कारण दावा लहान झाला तसा तो खोडून काढणे अवघड झाले. पोट फुगल्यासारखे वाटणे हे मोजायचे कसे?

ते मोजण्याचा एक प्रयत्न पर्थ येथील कर्टिन विद्यापीठातील चाचणीत झाला. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला ए२ दूध विकणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य होते. ४१ प्रौढांना आधी दोन आठवडे दूध-दुग्धजन्य पदार्थांपासून दूर ठेवून तांदळाचे दूध दिले गेले. नंतर दोन आठवडे रोज ७५० मिलिलिटर ए१ किंवा ए२ दूध, पुन्हा दोन आठवडे खंड, आणि शेवटी दोन आठवडे दुसऱ्या प्रकारचे दूध, अशी योजना होती. कोणते दूध चालू आहे हे पिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि नोंदी ठेवणाऱ्यालाही. आराखडा चांगला होता, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच झाली. निकाल मात्र शब्दांपेक्षा आकड्यांत पाहावा. शौचाचा घट्ट-सैलपणा एक ते सात अशा ब्रिस्टल मापनपट्टीवर मोजला गेला, तेव्हा ए१ दुधावर सरासरी ३.८७ आणि ए२ दुधावर ३.५६ आली. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पार पडतो, पण या पट्टीवर तीन आणि चार हे दोन्ही प्रकार निरोगी शौचाचेच मानले जातात, म्हणजे दोन्ही सरासऱ्या निरोगी टापूतच आहेत. पोटदुखी आणि पोट फुगणे यांच्या सरासरी गुणांत लक्षणीय फरक निघाला नाही. एवढेच दिसले की ए१ दुधावर ज्यांचे शौच सैल झाले त्यांनी पोटदुखीही अधिक नोंदवली आणि ए२ दुधावर असा संबंध आढळला नाही. ‘पचायला सोपे’ या वाक्याचा पाया एवढा आहे. तो शून्य नाही, पण त्यावर उभ्या केलेल्या जाहिरातीइतका रुंदही नाही.

पुढच्या चाचण्या बहुतेक चीनमध्ये झाल्या. २०१६ मध्ये शांघायमध्ये, दूध सोसत नाही असे स्वतःच सांगणाऱ्या ४५ जणांना दोन्ही प्रकारांचे मिश्र दूध आणि निव्वळ ए२ दूध आळीपाळीने दिले गेले, तेव्हा मिश्र दुधावर अन्नाचा आतड्यातला प्रवास मंदावला आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या. २०१७ मध्ये ६०० प्रौढांना एका वेळी ३०० मिलिलिटर दूध देऊन केलेल्या चाचणीतही ए२ दुधाने तक्रारी कमी झाल्याची नोंद आहे. या दोन्ही कामांना कंपनीचाच पैसा होता. तेवढ्याने ती खोटी ठरत नाहीत. पण स्वतंत्र प्रयोगशाळांनी तेच निकाल वारंवार काढून दाखवलेले नाहीत, ही उणीव उरते.

इथे लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण बाजारात दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. ए२ दुधात लॅक्टोज साध्या दुधाइतकेच, म्हणजे साधारण साडेचार ते पाच टक्के असते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ते दहा ग्रॅमच्या आसपास भरते. ही साखर पचवणारे लॅक्टेज विकर कमी असलेल्या माणसालाही एका वेळी सुमारे बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज बहुधा निभावते. म्हणजे एका पेल्याने ज्याला काहीच होत नाही आणि दोन पेले एकदम घेतल्यावर गुडगुड होते, त्याने केसीनच्या आधी लॅक्टोजचा संशय घ्यावा. त्याचा पडताळा घरीच करता येतो : तेवढेच दूध दोन वेळांत वाटून जेवणाबरोबर घ्यावे किंवा विरजलेले दही घ्यावे, आणि त्रास गेला तर प्रथिनाला दोष देण्याचे कारण उरत नाही.

आपल्या भागात तर प्रश्नाचा निम्मा भाग गळूनच पडतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी देशी गाई-म्हशींची जनुकीय तपासणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार देशी गाईंच्या जातींमध्ये ए१ हा प्रकार फारच विरळा आहे आणि म्हशींमध्ये तो आढळलाच नाही. म्हणजे डेअरीवर फॅट आणि एसएनएफ पाहून घातले जाणारे म्हशीचे साधे दूधही, फुकट, या अर्थाने ए२च आहे. ए१चा प्रश्न मुख्यतः होल्स्टीन व जर्सी रक्ताच्या संकरित गाईंपुरता उरतो, आणि त्यांतही अनेक गाई दोन्ही प्रकार मिसळून देतात.

वशिंड दिसते म्हणून दूध ए२च असेल, अशी खात्री मात्र धरता येत नाही. गाईला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती मिळतात, आणि एक प्रत ए१ची असली तरी दुधात ए१ येते. पिढ्यानपिढ्या कृत्रिम रेतन झालेल्या गावात गीरसारखी दिसणारी गाय पूर्ण गीर असेलच असे नाही. खरी तपासणी गाईच्या केसांवर किंवा रक्तावर होणारी जनुकीय चाचणी ही आहे आणि ती प्रत्येक गाईची करावी लागते, कारण टाकीत एका मिश्र गाईचे दूध पडले तरी वेष्टनावरचे विधान खोटे ठरते. लॅक्टोमीटर, चव, पिवळसर रंग किंवा सायीची जाडी यांतून हा फरक कळत नाही.

तुपाची गोष्ट आणखी सरळ आहे. ए१-ए२ हा भेद प्रथिनातला आहे आणि तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्धांश. कढवताना खाली बसलेली बेरी गाळली की केसीन जवळपास उरत नाही. २०२४च्या त्या आदेशातही स्निग्ध पदार्थांवर ए२ लिहिणे दिशाभूल करणारे असल्याचे स्पष्ट म्हटले होते. दुपटी-चौपटीच्या भावाने विकल्या जाणाऱ्या ए२ तुपाच्या बरणीत भाव कदाचित दही घुसळून लोणी काढण्याच्या बिलोना पद्धतीचा, गाईच्या जातीचा किंवा कमी उत्पादनाचा असेल, पण बीटा-केसीनचा तो असूच शकत नाही. आणि ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनाची खरोखर ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे असे ज्याला होते, त्याच्यासाठी ए२ दूधही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्या दुधात बाकीची सर्व केसीने आणि दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली प्रथिने जशीच्या तशी असतात.