रुपया पडला की द्राक्षाच्या कंटेनरमधे नक्की काय होतं

टीव्हीवर "रुपया घसरला" अशी पट्टी आली की कोणीतरी लगेच म्हणतंच, आता एक्स्पोर्टवाल्यांची चांदी. नाशिकमधे तर हे हमखास ऐकू येतं, कारण भारतातून युरोपला जाणारी द्राक्षं बहुतांशी आपल्याच जिल्ह्यातून जातात. आता हे वाक्य चूक नाही, पण किती बरोबर आहे आणि कोणासाठी बरोबर आहे हे एका कंटेनरचा हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून आज तेवढाच एक हिशोब नीट मांडतो.

निफाड-दिंडोरी पट्ट्यातलं एखादं पॅकहाऊस धरा. बागेतून माल येतो, मण्यांची साइज बघून घड सेट करतात, अर्धा-अर्धा किलोच्या पनेटमधे, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात, दहा पनेटचा एक बॉक्स, बॉक्समधे बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड टाकतात, मग माल झटपट गार करायचं प्रीकूलिंग आणि मग आतून थंड राहणारा चाळीस फुटी रिफर कंटेनर न्हावा शेव्याला आणि तिथून बोटीने रॉटरडॅमला. कंटेनरमधे १२ टन माल आहे असं समजू. खालचे सगळे आकडे हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी धरलेत, दर सीझनला ते बदलतात.

तिकडे माल किलोला अडीच युरोने विकला, म्हणजे ३०,००० युरो. एक युरो ९० रुपयांना आणि एक डॉलर ८० रुपयांना असेल तर हे झाले २७ लाख रुपये. आता खर्च. शेतकऱ्याला किलोला १०० रुपये, म्हणजे १२ लाख. पॅकिंग, मजुरी, कोल्ड स्टोरेज, बंदरापर्यंतचा ट्रक मिळून ५ लाख. बोटीचं भाडं ५,००० डॉलर, म्हणजे ४ लाख. तिकडची ड्युटी, तिकडचं कोल्ड स्टोरेज आणि आयातदाराचं कमिशन मिळून ४,००० युरो, म्हणजे ३ लाख ६० हजार. एकूण खर्च २४ लाख ६० हजार, हातात राहिले २ लाख ४० हजार.

आता समजा रुपया सगळ्यांसमोर घसरला, आणि युरो झाला ९९ चा, डॉलर झाला ८८ चा. म्हणजे दोन्ही १० टक्क्यांनी महागले. तेच ३०,००० युरो आता २९ लाख ७० हजार झाले. बोटीचं भाडं ४ लाख ४० हजार झालं, तिकडचा खर्च ३ लाख ९६ हजार झाला, पण शेतकऱ्याचे १२ लाख आणि इकडचे ५ लाख तिथेच राहिले कारण ते रुपयात ठरलेत. एकूण खर्च २५ लाख ३६ हजार आणि नफा ४ लाख ३४ हजार. परकी चलनं महागली १० टक्के आणि नफा वाढला ८० टक्के! एक्स्पोर्टर लोक रोज सकाळी रेट का बघतात ते यातून कळतं. उलटंही तितकंच खरं आहे, रुपया तेवढाच वधारून युरो ८१ वर आणि डॉलर ७२ वर आला तर याच कंटेनरवर जेमतेम ४६ हजार उरतात, आणि वाटेत थोडा जरी माल खराब निघाला तरी तेही जातात.

म्हणजे घसरणीचा फायदा कमाई परकी चलनात असल्यामुळे तर होतोच, पण तो किती होणार हे खर्चाचा किती भाग रुपयात अडकलाय त्यावर ठरतं. आपल्या कंटेनरमधे २४ लाख ६० हजारातले १७ लाख रुपयातले आहेत म्हणून फायदा एवढा मोठा दिसतो. बाहेरून कच्चा हिरा आणून, पॉलिश करून परत बाहेर विकणाऱ्याचा बहुतेक खर्चच डॉलरमधे असतो, त्याला रुपया पडल्याचा फायदा फक्त मजुरी आणि इकडच्या किरकोळ खर्चापुरताच मिळतो.

आता एक गोष्ट जी बातम्यांमधे जवळपास कधीच सांगत नाहीत. "रुपया घसरला" म्हणजे कोणासमोर? बातमीत तो नेहमी डॉलरसमोर असतो, पण आपला हा माल विकला जातो युरोत. २०२२ चं साल आठवा. जानेवारीत डॉलर ७४-७५ रुपयांच्या आसपास होता, जुलैत तो ८० ला पोचला, सगळीकडे रुपया कोसळला म्हणून बोंब. पण त्याच काळात युक्रेनचं युद्ध, गॅसची टंचाई आणि अमेरिकेत वाढणारे व्याजदर यामुळे युरो डॉलरसमोर रुपयापेक्षाही जास्त आपटला आणि जुलैत एक युरो साधारण एका डॉलरएवढाच झाला. म्हणजे जो युरो जानेवारीत ८४ रुपयांच्या आसपास होता तो जुलैत ८० च्या आसपास आला. डॉलरसमोर रुपया पडला होता आणि युरोसमोर चक्क वधारला होता! त्या महिन्यांत ज्याचे पैसे युरोत येणार आणि बोटीचं भाडं मात्र डॉलरमधे जाणार, त्याला दोन्हीकडून मार बसला, आणि बातमी मात्र एक्स्पोर्टरची चांदी अशीच होती.

लासलगावचा कांदा दुबईला पाठवणाऱ्याचं गणित याच्या उलट. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, त्यामुळे रुपया डॉलरसमोर पडला की दिरहमसमोरही तितकाच पडतो. एकाच जिल्ह्यातले दोन एक्स्पोर्टर, पण बघायचे रेट वेगळे. अर्थात रेट कितीही चांगला असला तरी दार उघडं पाहिजे, डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती तेव्हा रुपया कुठे होता याला कांदा उत्पादकाच्या लेखी काहीच अर्थ नव्हता.

बरं, ते जादाचे पैसे एक्स्पोर्टरकडे पूर्ण राहतात का? फार दिवस नाही. रॉटरडॅमचा आयातदारही रोज रेट बघतो, त्याला माहीत असतं की इकडे रुपयात पैसे वाढलेत, मग तो भाव पाडून मागतो. अडीचच्या जागी २.४० युरो दिले तर वरच्या हिशोबात ४ लाख ३४ हजाराचे ३ लाख १५ हजार होतात. आणि नकार देणंही अवघड, कारण त्याच्याकडे दक्षिण आफ्रिकेचा आणि चिलीचा माल असतो, आणि रुपया पडला त्याच वेळी रँड आणि पेसोही पडले असतील तर त्यांनाही भाव कमी करायला तेवढीच जागा असते. आपलं एकट्याचं चलन पडलं तरच स्पर्धेत फायदा होतो, सगळेच पडले तर तो फायदा शेवटी तिकडच्या गिऱ्हाइकाच्या टोपलीत जातो.

आणि बागायतदार? त्याचा सौदा बागेवर रुपयात होतो, किलोला शंभर म्हणजे शंभर. रुपया नंतर पडला तर त्या सीझनला त्याला काहीच मिळत नाही, पुढच्या सीझनला व्यापारी जास्त माल मागायला लागले की भाव चढतो तेव्हा थोडं मिळतं. पण तोपर्यंत त्याचा खर्च वाढलेला असतो, कारण पोटॅश देशात पूर्ण आयातच होतं, डिझेलचं क्रूडही ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं, फवारणीच्या औषधांचा बराच कच्चा माल चीनमधून येतो. माझ्या मते या सगळ्या साखळीत रुपया घसरल्याचा तोटा शेतकऱ्याकडे लवकर पोचतो आणि फायदा उशिरा, आणि हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू, आयातदार. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला एक छोटा कारखाना घ्या, तो बाहेरून २०,००० डॉलरचे पार्ट आणतो, त्यापासून मशीन बनवून इथल्याच कंपनीला साडेएकवीस लाखांना द्यायचं असा सौदा आधीच झालाय. डॉलर ८० असताना पार्ट १६ लाखांचे. त्यावर साडेसात टक्के कस्टम ड्युटी धरली तर १ लाख २० हजार, इकडचा खर्च ३ लाख, उरले १ लाख ३० हजार. जीएसटी यात धरला नाही, त्याचं क्रेडिट मिळतं. माल उधारीवर आलाय, पैसे तीन महिन्यांनी द्यायचेत. मधे रुपया घसरायला लागतो. ड्युटी भरायच्या वेळी कस्टमचा जाहीर झालेला रेट ८८ आहे आणि पेमेंटच्या दिवशीही डॉलर ८८. पार्ट झाले १७ लाख ६० हजार, आणि ड्युटी रुपयातल्या किमतीवर लागते म्हणून तीही १ लाख ३२ हजार झाली. नफा गेलाच, वर ४२ हजार खिशातून. त्याने काम खराब केलं नाही, माल वेळेत दिला, तरी हे. एक्स्पोर्टरचे खर्च रुपयात अडकलेले होते म्हणून तो वाचला, याची विक्री रुपयात अडकलेली होती म्हणून हा अडकला.

यावर उपाय म्हणजे फॉरवर्ड. बँकेशी आजच ठरवून टाकायचं की तीन महिन्यांनी डॉलर अमुक रेटला घेणार. तो रेट सहसा आजच्यापेक्षा थोडा जास्तच असतो, कारण आपल्याकडचे व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असतात, म्हणजे आयातदाराला हा विम्याचा खर्च पडतो आणि एक्स्पोर्टरला उलट थोडे जास्त मिळतात. तरी एक काळजी घ्यायची, मोबाइलवर दिसणारा रेट तुम्हाला मिळतच नाही, बँक एक्स्पोर्टरकडून कमी रेटने परकी चलन घेते आणि आयातदाराला जास्त रेटने देते, म्हणून हिशोब करताना बँकेचाच टीटी रेट, म्हणजे पैसे खात्यातून पाठवताना-घेताना बँक प्रत्यक्ष लावते तो रेट विचारायचा.

द्राक्षवाल्याला मात्र फॉरवर्डमधे एक वेगळाच धोका आहे. समजा त्याने जानेवारीतच ३०,००० युरो ९१ च्या रेटने विकायचं बुक केलं आणि मार्चमधे गारपीट झाली. माल गेला, युरो येणारच नाहीत, पण बँकेशी केलेला करार तसाच उभा आहे. त्या दिवशी युरो ९९ ला असेल तर ९९ ने घेऊन ९१ ने द्यायचे, प्रत्येक युरोमागे ८ रुपये, म्हणजे २ लाख ४० हजारांचा खड्डा, द्राक्षं नसताना! म्हणून सीझनच्या सुरुवातीला अख्ख्या अंदाजावर बुकिंग करू नये, ज्या प्लॉटचा फवारणीच्या औषधांचे अंश तपासणारा रेसिड्यू रिपोर्ट पास झालाय आणि काढणी लागलीय तेवढ्याच मालाचं करावं, बाकीचं कंटेनर भरत जातील तसं.